कॅन्ससचं पाणी बीडला आणि करनालला

समजा, भूजलावरचा एक इंग्रजी पॉडकास्ट आहे. त्यातल्या पंचवीस मिनिटांच्या एका भागाची संहिता तुमच्या हातात आली आहे आणि तिच्यावरून एक मराठी आणि एक हिंदी भाग करायचा आहे. मूळ भाग अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या पश्चिम टोकाला घडतो. विमानातून पाहिलं तर तिथली शेतं गोल दिसतात, कारण मधोमध विहीर आणि तिच्याभोवती चाकांवर फिरणारा लांबलचक फवारा, अशी तिथली सिंचनाची पद्धत आहे. जमिनीखाली ओगलाला नावाचा प्रचंड जलधर आहे, म्हणजे पाणी धरून ठेवणारा वाळू-गोट्यांचा थर. तो आठ राज्यांत मिळून सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. निवेदक एका शेतकरी कुटुंबाच्या तीन पिढ्यांची हकीकत सांगतो. आजोबांनी विहीर खणली, वडिलांनी ती खोल केली, आता नातू मका सोडून कोरडवाहू गव्हाकडे वळतो आहे. मधेच तो म्हणतो, की हा थर एखाद्या स्पंजसारखा आहे.

आपल्या श्रोत्याला कॅन्सस माहीत नाही, हे उघड आहे. म्हणून साधारण ठरलेली युक्ती अशी असते: कॅन्ससच्या जागी बीड घालायचं, मक्याच्या जागी ऊस. हिंदीत तिथे हरियाणाचं करनाल आणि धान येतं. बाकी मजकूर आहे तसा ठेवायचा. बऱ्याच ठिकाणी तर आधी हिंदी तयार होते आणि मराठी तिच्यावरून उतरवली जाते. वेळ वाचतो, निवेदन सराईत वाटतं, उदाहरणं आपल्या मातीतली असल्यामुळे ऐकणाराही खूश होतो. पण भूजलाच्या बाबतीत असं केलं तर मराठी भाग चक्क चुकीची माहिती देतो. तो कुठे चुकतो हे पाहिलं, की उदाहरण बदलण्याचं काम नेमकं कसं करायचं तेही कळतं.

पहिल्या दिवशी नवी उदाहरणं शोधायला बसू नये. मूळ संहितेचा कागद घेऊन प्रत्येक उदाहरणासमोर, ते तिथे काय सिद्ध करतं, हे एका वाक्यात लिहावं. कॅन्ससच्या कुटुंबाची हकीकत तीन कामं करते. एक, जमिनीखाली तळं किंवा नदी नसते, पाणी कणांच्या मधल्या पोकळीत साठलेलं असतं. स्पंजचा दाखला याच्यासाठी आहे. दोन, ही पोकळी भरायला फार काळ लागतो. पश्चिम कॅन्ससमध्ये पाऊस मुरून वर्षाला पडणारी भर इंचभरही नसते, उपसा मात्र त्याच्या कित्येक पट. तीन, माझा उपसा शेजाऱ्याच्याही पाण्यातून जातो, म्हणून एकट्याने काटकसर करून भागत नाही. नवं उदाहरण ही तीनही कामं करतं का, एवढंच तपासायचं.

आता बीडचं उदाहरण या कसोटीला लावून पाहू. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो झाला. या दगडात वाळूसारखी सलग पोकळी नसते. पाणी असतं ते वरच्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात. म्हणून पन्नास फुटांवर एका विहिरीला पाणी लागतं आणि शेजारच्या बांधापलीकडची विहीर कोरडी निघते. इथे स्पंज म्हणून चालणार नाही. चुन्याशिवाय रचलेली दगडी गडग त्याच्या जास्त जवळची आहे: पाणी दगडात नसतं, दगडांच्या फटींत असतं. पहिलं काम अशा रीतीने होतं, पण दाखला बदलून.

खरी अडचण दुसऱ्या कामाची आहे. बेसॉल्टमधला उथळ साठा भरायला शतकं लागत नाहीत. चांगल्या पावसाळ्यात तो एका हंगामात भरतो आणि तेवढ्याच वेगाने रिकामा होतो. कॅन्ससची चिंता अशी आहे, की पिढ्यान्‌पिढ्यांचं साठलेलं पाणी एकदा गेलं की गेलं. बीडची चिंता वेगळी आहे. साठा मुळातच लहान आहे आणि दरवर्षीचा हिशेब दरवर्षी जुळवावा लागतो. तीन पिढ्यांची हकीकत जशीच्या तशी बीडला आणली, तर ऐकणाऱ्याचा असा समज होईल, की आपलं पाणी कायमचं संपत चाललंय आणि आता हातात काही उरलेलं नाही. दोनशे फुटांखालचे बोअर मारून खोलवरचं जुनं पाणी उपसणाऱ्यांना तो इशारा लागू पडेलही. विहिरीवर शेती करणाऱ्याला मात्र तो चुकीचा सल्ला आहे. उदाहरण बदललं, त्याबरोबर निष्कर्षही बदलला, आणि संहितेत तो बदलावाच लागतो.

तेव्हा मराठी भागात त्या जागी असं काहीसं यायला हवं:

"तुमच्या विहिरीत कठड्यावरून खाली बघा. काळी माती संपली की मुरूम लागतो, मुरमाखाली पाषाण. पाझर दिसतो तो मुरमातून आणि पाषाणाच्या भेगांतून. दिवाळीला विहीर भरलेली असते, होळीला तळ दिसायला लागतो. आजोबांनी ती खणली तेव्हाही तिच्यात एवढंच मावत होतं. मोट गेली, इंजिन आलं, मग विजेची मोटर आली. साठा तेवढाच राहिला, उपसायची ताकद वाढली."

यात तीन पिढ्या आहेतच, पण त्या वेगळं काही सांगतात. दिवाळी आणि होळी सजावटीसाठी आलेल्या नाहीत. पावसाळ्यानंतरची भरलेली पातळी आणि उन्हाळ्याच्या तोंडावरची उतरलेली पातळी श्रोत्याला त्या सणांच्या आसपास स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. ती याच चढउतारासाठी.

हिंदीसाठी करनाल घेतलं तर चित्र पालटतं. करनालच्या खाली नद्यांनी आणून टाकलेला गाळ आहे, वाळू आणि चिकणमातीचे जाडच जाड थर. तो कॅन्ससच्या जातीचाच, म्हणून इथे स्पंज चालतो. पाणी तिथे जवळजवळ कुठेही लागतं, प्रश्न फक्त किती खोल जायचं एवढाच. साहजिकच मराठी भागात हमखास रंगणारा एक प्रसंग हिंदीत फुकट जातो. तो म्हणजे पाणाड्याचा. हातावर नारळ ठेवून वावरातून फिरणारा माणूस मराठवाड्यातल्या श्रोत्याला लगेच ओळखू येतो, कारण खडकात पाणी कुठे लागेल याची खात्री नसते आणि बोअर फसला तर लाखभर रुपये मातीत जातात. त्या अनिश्चिततेवर त्याचं दुकान चालतं. करनालच्या शेतकऱ्याला तशी गरजच नाही. मराठीवरून हिंदी केली असती तर हा प्रसंग तसाच उतरला असता आणि ऐकणारा विचारात पडला असता, की हे कोणत्या गावचं बोलतायत.

करनालच्या श्रोत्याला ओळखीची गोष्ट आहे ती पंपाची. साधा सेंट्रिफ्यूगल पंप पाणी खालून शोषून घेतो आणि हवेच्या दाबामुळे त्याला व्यवहारात सात-आठ मीटरपेक्षा जास्त खोलीवरचं पाणी वर ओढता येत नाही. पातळी त्याखाली गेली की शेतकरी खड्डा खणून पंपच खाली उतरवायचे. ते पुरेनासं झालं तेव्हा पाण्यात बुडून वर ढकलणारा सबमर्सिबल आला. हिंदी संहितेत ते असं येऊ शकतं:

"अपने गाँव के किसी बुज़ुर्ग से पूछिए कि पहला पंप कहाँ लगा था। कहेंगे, ज़मीन पर। कुछ साल बाद पानी उठना बंद हुआ, तो गड्ढा खोदकर पंप नीचे उतारा गया। फिर गड्ढा और गहरा हुआ। आख़िर में सबमर्सिबल डलवाना पड़ा। खेत वही, धान वही, बस पाइप हर बार लंबा होता गया।"

कॅन्ससच्या तीन पिढ्यांचं काम इथे जसंच्या तसं पार पडतं, कारण जमीन त्याच प्रकारची आहे. पाऊस दरवर्षी काही भर घालतो, पण उपसा त्याहून जास्त असल्यामुळे पातळी वर्षागणिक उतरत जाते.

तिसऱ्या कामापाशी, म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्यापाशी आलं की दोन्ही भागांच्या वाटा पुरत्या वेगळ्या होतात. इंग्रजी भाग शेवटी म्हणतो, की लोकांनी एकत्र येऊन उपशावर मर्यादा घालावी. मराठीत याला साजेसं उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या गावाने डोंगरावर चर खणले, बंधारे बांधले, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि दरवर्षीचा पाऊस पाहून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. या ताळेबंदाचं एक सोपं गणित भागात घेता येतं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. समजा गाव 1000 हेक्टरचं आहे आणि पाऊस 500 मिलिमीटर झाला. म्हणजे गावावर 500 कोटी लिटर पाणी पडलं. बरंचसं वाहून गेलं, उडून गेलं, आणि दहावा हिस्सा मुरला असं धरलं तर 50 कोटी लिटर हाती राहिलं. 2000 वस्तीला माणशी रोज 55 लिटर दिलं तर वर्षाला चार कोटी लिटर पिण्या-वापरायला गेलं. जनावरांचं सोडून देऊ. उरलं 46 कोटी. उसाला पावसाखेरीज हेक्टरी दीड कोटी लिटर उपसून द्यावं लागतं असं धरलं, तर तीस हेक्टरात ते सगळं संपतं. रब्बी ज्वारीला सहा-सहा सेंटिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर तेच पाणी सुमारे 380 हेक्टरला पुरतं. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, गावागणिक बदलतील. श्रोत्याच्या कानावर मात्र त्यातले दोनच पडायला हवेत, तीस आणि तीनशे ऐंशी. बाकीची आकडेमोड संहितेच्या समासात राहू द्यावी. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही.

एका गावाची शिस्त एवढी फळाला का येते, यालाही पाषाणच कारण आहे. बेसॉल्टमध्ये पाणी फार दूर सरकत नाही. ज्या पाणलोटात मुरलं त्याच पाणलोटातल्या विहिरींत ते बऱ्याच अंशी उतरतं. गावाने वाचवलं तर गावालाच मिळतं, म्हणून ग्रामसभेला ठराव पाळण्यात स्वारस्य राहतं. आदर्श गावाची गोष्ट महाराष्ट्रात पटते, त्यामागे ही भूशास्त्रीय सोय आहे.

हीच गोष्ट करनालला सांगितली तर ऐकायला गोड आणि उपयोगाला कच्ची ठरते. गाळाचा थर शेकडो गावांच्या खालून सलग गेलेला असतो. एका गावाने धान सोडलं तरी आसपासची गावं उपसतच राहिली, तर त्या गावाची पातळी फारशी सावरत नाही. तिथे मर्यादा वरून आणावी लागते. हरियाणाने 2009 मध्ये कायदा करून 15 जूनच्या आधी भाताची लावणी करायला बंदी घातली. पाऊस यायच्या आधी, ऐन उन्हात पाणी साठवून लावणी केली की बरंचसं पाणी उडून जातं, ते वाचावं हा हेतू. 2020 मध्ये 'मेरा पानी मेरी विरासत' ही योजना आली. धान सोडून मका किंवा कडधान्यासारखं दुसरं पीक घेणाऱ्याला एकरी 7,000 रुपये द्यायचं तिच्यात ठरलं. तेव्हा हिंदी भागाचा शेवट ग्रामसभेपाशी न होता कायदा, विजेचं अनुदान आणि धानाची सरकारी खरेदी यांच्यापाशी होतो. श्रोत्याला सांगायचं ते असं, की पाइप लांब होत जाण्याचं कारण एकट्या शेतकऱ्याचा लोभ नाही. मराठी भाग श्रोत्याला स्वतःच्या गावाच्या पाण्याचा हिशेब मांडायला सांगतो, हिंदी भाग धोरणाकडे बोट दाखवतो. मूळ एक, शेवट दोन, आणि दोन्ही खरे.

दोष कोणाच्या माथी जातो तेही पाहावं लागतं. मराठीत ऊस हा पाणी पिणारा खलनायक म्हणून लगेच रंगतो. तोच संवाद हिंदीत नेला तर पश्चिम उत्तर प्रदेशातला ऊस उत्पादक ऐकणं बंद करेल, कारण त्याची जमीन आणि पाऊस वेगळा आहे. धानाचंही तसंच. करनालमध्ये धान हे मुख्यतः विकायचं पीक आहे, बिहारमध्ये ते रोजच्या ताटात आहे. 'धान छोड़िए' हे वाक्य दोन्हीकडे एकाच सुरात म्हणता येणार नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. हिंदी श्रोता म्हणजे एक माणूस नव्हे, मराठीही नव्हे. इंदूरचा माणूस हिंदी ऐकतो, पण त्याचा माळवा आपल्यासारखाच काळ्या पाषाणाचा. त्याला मराठी भागातली विहीर करनालच्या पंपापेक्षा जवळची वाटेल. उलट रावेर-यावलचा केळीवाला मराठी ऐकतो, पण तापीच्या गाळावर शेती करतो. त्याची खोल ट्यूबवेल करनालच्या नात्यातली आहे. भाषेची सीमा आणि खडकाची सीमा एक नसते. म्हणून प्रत्येक भागात सुरुवातीलाच एक वाक्य स्पष्ट असावं: आपण आज दख्खनच्या पाषाणाबद्दल बोलतोय, किंवा, आज बात गाळाच्या मैदानाची. ज्याची जमीन वेगळी तो मग सावधपणे ऐकतो.

नेमकी चूक होते ती मात्र अशा मोठ्या ठिकाणी कमी आणि महिन्यांत, मापांत, आकड्यांत जास्त. मराठी संहितेत 'श्रावणात विहिरी भरायला लागतात' असं असलं आणि हिंदीत तिथे 'सावन' घातलं, तर काळ पंधरा दिवसांनी मागे सरकतो. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आपल्याकडे अमावास्येनंतर. पेरणीचा काळ सांगताना मराठीत मृग नक्षत्र आलं, तर बिहारी श्रोत्यासाठी आर्द्रा आणावं लागतं, कारण त्याचा पाऊस आणि धानाची लगबग जूनच्या उत्तरार्धात, आर्द्राच्या आसपास सुरू होते. त्या नक्षत्राला तिकडे घरोघर खीर आणि दालपुरी होते. करनालला पाऊस त्याहीनंतर, जूनच्या अखेरीस पोचतो. जमिनीचं माप मराठीत एकर आणि गुंठा राहू द्यावं, 40 गुंठ्यांचा एकर सगळ्यांना माहीत असतो. हिंदीत बिघा शब्द मोठा ओढ लावतो, पण बिघा प्रदेशागणिक लहानमोठा होतो, म्हणून तिथेही एकरच वापरावा. आकडे बोलायचे असतील तर शक्यतो गोल करावेत. उन्नासी की नवासी, हे हिंदीत घाईने ऐकणाऱ्याला कळत नाही. 'क़रीब अस्सी' लगेच कळतं.

लांबीही शब्द मोजून ठरवू नये. आपले विभक्तिप्रत्यय नामाला चिकटतात, हिंदीत का-के-की सुटे राहतात, त्यामुळे सारख्याच मजकुराला हिंदीत शब्द जास्त भरतात. घड्याळ लावून मोठ्याने वाचावं आणि मिनिटं जुळवावीत. मूळ भागातल्या तज्ज्ञाची इंग्रजी मुलाखत ठेवायची असेल, तर तिच्यावर दोन्ही भाषांत आवाज चढवताना त्याचं कॅन्ससबद्दलचं विधान कॅन्ससचंच ठेवावं. तो बीडबद्दल काही बोललेला नाही. त्याच्या तोंडी बीड घालणं म्हणजे खोटी साक्ष.

शेवटची पायरी पडताळणीची, आणि ती भाषा जाणणाऱ्या संपादकाकडून पुरी होत नाही. ज्या भागासाठी लिहिलं त्या भागातल्या एखाद्या शेतकऱ्याला किंवा शिक्षकाला कच्चं ध्वनिमुद्रण ऐकवावं. 'आवडलं का' असं विचारलं तर तो भिडेखातर हो म्हणेल. त्याऐवजी सुरुवातीला लिहिलेल्या तीन कामांवर तीन प्रश्न विचारावेत: पाणी खाली कशात असतं, ते किती काळात भरतं, आणि ते कमी होऊ नये म्हणून कोणी काय करायचं. बीडच्या माणसाने 'खाली झरा वाहतो' असं उत्तर दिलं तर पहिलं उदाहरण फसलं. 'आता पाणी परत येणारच नाही' म्हणाला तर दुसरं फसलं, कॅन्सस कुठेतरी शिल्लक राहिलं. करनालच्या माणसाने 'गाँव वाले ठान लें तो हो जाएगा' असं म्हटलं, तर हिवरे बाजार चोरवाटेने हिंदीत शिरलं आहे, असं समजावं आणि तो परिच्छेद पुन्हा लिहावा.

असं काम तुमच्याकडे आलं तर दोन्ही भाग मूळ संहितेवरूनच करा, एकावरून दुसरा करू नका. आणि काम देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की दोन्ही भागांचे शेवट वेगळे असू शकतील. त्याला ते मान्य नसेल, तर उदाहरणांना हात न लावता कॅन्ससची गोष्ट कॅन्ससची म्हणूनच सरळ भाषांतरित करा. परकं पण खरं उदाहरण आपल्या श्रोत्याला समजतं, आपलं पण खोटं उदाहरण त्याला चुकीच्या जागी बोअर मारायला लावतं.